ॲन्युअल प्लॅन आपोआप रिन्यू झाला आणि पैसे गेले: रिफंडचा मेल नेमका कुठे अडकतो

मी ठाण्यात नौपाड्यात राहते, दोन-तीन दुकानं आणि काही क्लासेस यांचं कॉम्प्युटरचं बारीकसारीक काम बघते, आणि वर्षातून पाच-सहा वेळा तरी कोणाचा ना कोणाचा फोन येतोच की अगं ते सॉफ्टवेअर आपोआप रिन्यू झालं, पैसे गेले, आता काय करू. दर वेळी प्रॉब्लेम तोच आणि दर वेळी चुकतं पण तिथेच, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

लक्षणं

बँकेचा एसएमएस येतो, पैसे कापले गेलेत, ओटीपी मागितलाच नव्हता. रक्कम मागच्या वर्षीपेक्षा बरीच जास्त, कधी कधी दुप्पट. इनबॉक्समध्ये, बहुतेक वेळा प्रमोशन्सच्या टॅबमध्ये, "रिन्यू केल्याबद्दल धन्यवाद" असा मेल पडलेला असतो. तुम्ही चिडून कंपनीला मेल टाकता, त्यावर तिकीट नंबर येतो, दोन दिवसांनी "तुमच्या ईमेलवर कोणताही चालू प्लॅन सापडला नाही" किंवा "पॉलिसीप्रमाणे रिफंड देता येत नाही" असं उत्तर येतं आणि तिकीट बंद.

ह्यातलं दोन-तीन जरी जुळत असेल तर पुढचं वाचा. सोप्यापासून अवघडाकडे लावलंय, पहिल्या चार गोष्टींना एक रुपया पण लागत नाही आणि अर्धा तास पुरतो.

उदाहरण म्हणून माझ्या मावसबहिणीचीच केस घेते. तिचा ऐरोलीला क्लास आहे, लेक्चर रेकॉर्ड करायला एक सॉफ्टवेअर घेतलं होतं, पहिल्या वर्षी ऑफरमध्ये ५,९०० रुपयांत. जानेवारीपासून ते वापरणं बंदच केलं कारण मुलं परत वर्गात यायला लागली. ३ जूनला कार्डवरून ११,८०० गेले, म्हणजे १०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. ऑफर फक्त पहिल्या वर्षाची होती. तिच्या लक्षात आलं ९ तारखेला, आणि मला फोन: "ताई, ओटीपी आलाच नाही, फ्रॉड झालाय, मी बँकेत जाते."

१. आधी बघा की हा खरंच फ्रॉड आहे का

बहुतेक वेळा नसतो. कार्डवर एकदा ऑटो-पेमेंटची परवानगी दिली, म्हणजे बँकेच्या भाषेत ई-मँडेट केलं, की पुढचे हप्ते १५,००० रुपयांपर्यंत ओटीपीशिवाय जातात. आरबीआयचाच नियम आहे हा, ऑक्टोबर २०२१ पासून ही पद्धत लागू झाली तेव्हा मर्यादा ५,००० होती, जून २०२२ मध्ये १५,००० झाली. म्हणून ११,८०० ला ओटीपी आला नाही, १६,००० असते तर आला असता आणि तिथेच थांबवता आलं असतं.

त्याच नियमात असंही आहे की पैसे कापायच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायला पाहिजे, कोणाला, किती, कधी. तर एसएमएसमध्ये मागे जाऊन शोधा. बहिणीच्या फोनमध्ये २ जूनचा तो मेसेज होता, लोनच्या ऑफरी आणि गॅसच्या मेसेजच्या मध्ये गुदमरलेला.

हे का बघायचं, तर दोन कारणं. एक, तुम्ही अजून त्या २४ तासांतच असाल तर मेल-बिल काही नको, त्या मेसेजमध्ये किंवा बँकेच्या ॲपमध्ये मँडेट थांबवायची सोय असते, तिथूनच थांबवा, विषय संपला. यूपीआय ऑटोपे असेल तर तुमच्या यूपीआय ॲपमध्येच मँडेटची यादी असते. दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं: पैसे गेलेले असतील आणि मँडेट तुमचंच असेल तर बँकेला किंवा कंपनीला "मी परवानगी दिलीच नव्हती" असं लिहू नका. कंपनीकडे परवानगीची तारीख-वेळ असते, ती पुढे केली की तुमचं खरं म्हणणं पण खोटं वाटायला लागतं. शिवाय फ्रॉड म्हटलं की बँक कार्डच ब्लॉक करते आणि मग लाइट बिल, विमा, जे जे त्या कार्डवर लावलंय ते सगळं अडकतं.

मँडेट तुमचं नसेल, त्या कंपनीचं नाव पण कधी ऐकलं नसेल, तर मात्र ही पोस्ट सोडा, आत्ता बँकेला फोन करा आणि सायबर फ्रॉडच्या १९३० हेल्पलाइनला कळवा. तिथे प्रत्येक दिवस मोजला जातो.

२. विकत कोणाकडून घेतलंय ते बघा

हा प्रश्न बावळट वाटतो पण चारातल्या एका केसमध्ये तरी मेल चुकीच्या दारात गेलेला असतो. सॉफ्टवेअर ज्याने बनवलं आणि पैसे ज्याने घेतले ते एकच असतील असं नाही. आयफोनवर ॲपमधूनच प्लॅन घेतला असेल तर पैसे ॲपलकडे गेलेत, सॉफ्टवेअर कंपनीने मनात आणलं तरी ती परत करू शकत नाही, अर्ज `reportaproblem.apple.com` वर करायचा. प्ले स्टोअरवरून घेतलं असेल तर पहिल्या ४८ तासांत गूगलकडे मागणं सगळ्यात सोपं, त्यानंतर बहुतेक वेळा ॲप बनवणाऱ्याकडेच जायला सांगतात.

तिसरा प्रकार परदेशी छोट्या कंपन्यांचा, त्यांची बिलं दुसरीच कंपनी बनवते. स्टेटमेंटवर `PADDLE.NET*` किंवा `FS *` असं काहीतरी दिसलं की समजा की पॅडल किंवा फास्टस्प्रिंग मध्ये आहे, रिफंड त्यांच्याकडून पण मागता येतो. स्टेटमेंटवरचं नाव आणि पावतीवरचं नाव शेजारी ठेवून बघा, दोन मिनिटांचं काम.

बहिणीचं थेट कंपनीच्या साइटवरून होतं, कंपनी भारतातलीच, त्यामुळे इथे अडलं नाही.

एक सांगते, "अमुक कंपनी रिफंड नंबर" असं गूगलवर शोधून येईल त्या नंबरला फोन करू नका. तिकडे बसलेला माणूस स्क्रीन शेअर करायला सांगतो आणि ११,८०० सोडवायला जाऊन खातं रिकामं होतं. संपर्क फक्त पावतीच्या मेलमधून किंवा लॉगिन केल्यावर आतल्या हेल्पमधून घ्यायचा.

३. खातं कोणत्या ईमेलवर आहे

सगळ्यात जास्त मेल इथे मरतात. बहिणीने मला न विचारता ९ तारखेला रात्रीच एक मेल टाकून दिला होता, स्वतःच्या जीमेलवरून. खातं होतं क्लासच्या आयडीवर. ११ तारखेला उत्तर आलं, "तुमच्या ईमेलवर चालू प्लॅन सापडला नाही", तिकीट बंद. ती म्हणाली टाळतायत. टाळत नव्हते गं, त्यांना खरंच काही दिसत नव्हतं! सपोर्टवाला माणूस तुमचा मेल आयडी त्याच्या खिडकीत टाकतो, प्लॅन दिसला तर पुढे जातो, नाही दिसला तर साचेबंद उत्तर पाठवून पुढचं तिकीट घेतो. दुसऱ्याच्या आयडीवरचे पैसे कोणी मागितले म्हणून तो देणार पण नाही, आणि ते बरोबरच आहे.

तर पावती ज्या आयडीवर आली त्याच आयडीवरून लिहा. तो आयडी बंद पडला असेल, नोकरी सोडलेल्या माणसाचा असेल, तर ते पहिल्याच ओळीत सांगा आणि ऑर्डर नंबर, इनव्हॉइस नंबर आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे द्या, ह्यावरून शोधता येतं. पूर्ण कार्ड नंबर, मागचे तीन आकडे, ओटीपी, हे कोणालाच नाही, कंपनीला पण नाही.

४. दिवस मोजा, आणि बंद करा पण डिलीट करू नका

कंपनीच्या साइटवर खाली अटी असतात, त्यात रिफंड शब्द शोधा. कुठे ७ दिवस, कुठे १४, कुठे ३०, कुठे "रिन्यूअलवर रिफंड नाही" असं सरळ लिहिलेलं. दोन गोष्टी बघायच्या: मुदत पहिल्या खरेदीलाच आहे की रिन्यूअलला पण, आणि दिवस पैसे कापल्यापासून मोजतात का. त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. बहिणीच्या कंपनीची १४ दिवसांची होती, रिन्यूअलला पण लागू, म्हणजे १७ जूनपर्यंत. त्यातले ९ ते ११ तिच्या त्या पहिल्या मेलने खाल्ले. उलटसुलट विचारणा होत राहिली की असेच दिवस जातात, म्हणून मेल असा पाहिजे की समोरच्याला परत काही विचारावंच लागू नये.

मेल लिहायच्या आधी खात्यात जाऊन ऑटो-रिन्यू बंद करा. फोनवरून ॲप काढून टाकणं म्हणजे बंद करणं नव्हे, मँडेट तोडणं पण नव्हे. मँडेट तोडलं तर कंपनीच्या लेखी तुमचं फक्त पेमेंट फेल होतं, प्लॅन चालूच. दोन्हीकडून बंद करायचं, आधी कंपनीकडे, मग बँकेत.

आणि खातं डिलीट करू नका, रिफंड हातात येईपर्यंत तर अजिबात नाही. डिलीट केलं की ऑर्डर शोधायचा रस्ताच गेला. बहिणीने त्या पहिल्या मेलमध्ये "माझं अकाउंट ताबडतोब डिलीट करा आणि पैसे परत करा" असं लिहिलं होतं, नशीब की त्यांना खातं सापडलंच नाही, नाहीतर शब्द पाळला असता आणि तिची सगळी रेकॉर्डिंग्ज गेली असती.

हो, रेकॉर्डिंग्जवरून आठवलं. रिफंड मंजूर झाला की प्लॅन बऱ्याचदा त्याच क्षणी बंद होतो, क्लाउडवरच्या फाइल्सना कुलूप. म्हणून आधी आपलं सामान उतरवून घ्या. पण इथे एक पेच आहे, कंपनी हे पण बघते की रिन्यूअलनंतर वापर झालाय का, आणि तुम्ही लॉगिन केलं की तो दिसतो. उपाय सोपा, एकदाच लॉगिन करा, फाइल्स उतरवा, आणि मेलमध्ये स्वतःहून तारखेसकट सांगा. टॅबवर, मुलाच्या फोनवर, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जिथे जिथे ते चालू आहे तिथून साइन आउट करा, कारण मागे गुपचूप चाललेलं सिंक पण वापर म्हणूनच दिसू शकतं आणि तुम्ही "वापरलंच नाही" म्हणत बसलेले असता.

५. आता मेल

आम्ही १२ तारखेला हा पाठवला. इंग्रजीत पाठवला होता, इथे मराठीत देते, क्रम तोच ठेवा:

> विषय: ३ जूनचं वार्षिक ऑटो-रिन्यूअल, रिफंडची विनंती, ऑर्डर नंबर (पावतीवरचा)
>
> नमस्कार,
>
> माझ्या खात्याचा वार्षिक प्लॅन ३ जूनला आपोआप रिन्यू झाला आणि कार्डवरून ११,८०० रुपये कापले गेले. हा प्लॅन मला पुढे ठेवायचा नव्हता, ऑटो-रिन्यू बंद करायचं माझ्याकडून राहून गेलं. कृपया हे रिन्यूअल रद्द करून पूर्ण रक्कम त्याच कार्डवर परत करावी.
>
> खात्याचा ईमेल: ह्याच आयडीवर आहे
> इनव्हॉइस नंबर: (पावतीवरचा)
> कार्डाचे शेवटचे चार आकडे: (तुमचे)
>
> ऑटो-रिन्यू १० जूनला बंद केलं आहे, स्क्रीनशॉट जोडला आहे. रिन्यूअलनंतर सॉफ्टवेअर वापरलेलं नाही, फक्त १० जूनला एकदा जुनी रेकॉर्डिंग्ज डाउनलोड करायला लॉगिन केलं होतं. तुमच्या अटींप्रमाणे १४ दिवसांची मुदत १७ जूनला संपते, त्याच्या आत ही विनंती करत आहे.
>
> ९ जूनला मी दुसऱ्या आयडीवरून लिहिलं होतं, ते तिकीट बंद झालं आहे. त्यातली खातं डिलीट करायची मागणी कृपया धरू नये.
>
> प्लॅन लगेच बंद झाला तरी चालेल. मंजूर झाल्यावर तारीख आणि क्रेडिट नोट कळवावी.

बस, एवढाच. नाव आणि खाली फोन.

ह्यात चूक स्वतःची आहे हे कबूल केलंय, ते बऱ्याच जणांना खटकतं. पण समोरच्याच्या यादीत "ग्राहक विसरला" हा रोजचा, माहितीचा प्रकार असतो, त्याला बटण दाबायला तेवढं कारण पुरतं. "तुम्ही लुटारू आहात, कोर्टात खेचीन" असं लिहिलं की काही ठिकाणी तो मेल सपोर्टकडून काढून कायदेशीर विभागाकडे जातो आणि तिथे आठवडे लागतात. राग आला असेल तर आधी वहीत लिहून काढा, मी सिरियसली सांगतेय.

"पूर्ण रक्कम" आणि "त्याच कार्डवर" हे शब्द असूच देत, नाहीतर पुढच्या वर्षासाठी क्रेडिट देऊन मोकळे होतात. "प्लॅन लगेच बंद झाला तरी चालेल" हे वाक्य पण काढू नका, कारण ऑटो-रिन्यू बंद केलं तरी प्लॅन वर्षभर चालूच राहतो, आणि पैसेही पाहिजेत नि प्लॅनही पाहिजे असं त्यांना वाटायला नको.

मेल एकदाच पाठवा. दुसरं काही सांगायचं राहिलं तर त्याच मेलला रिप्लाय करा, रोज नवीन तिकीट काढलं तर ती एकत्र करण्यातच त्यांचा वेळ जातो. आम्हाला १५ तारखेला हो म्हणून उत्तर आलं, पैसे २३ ला जमा.

६. हो म्हणाले पण पैसे नाहीत

कार्डवर परत यायला पाच ते दहा कामाचे दिवस धरा. त्यानंतर पण आले नाहीत तर कंपनीकडे एआरएन मागा, तो २३ आकडी नंबर असतो, तो बँकेला दिला की रिफंड कुठे आहे ते त्यांना शोधता येतं. नुसतं "रिफंड आला नाही" म्हणून बँकेच्या काउंटरवर गेलात तर हात हलवत परत याल. क्रेडिट कार्ड असेल तर रिफंड बिलात वजा होऊन येतो, बचत खात्यात शोधत बसू नका. आणि डॉलरमध्ये कापले गेले असतील तर परत येताना थोडे कमी येतील, त्या दिवसाचा दर लागतो आणि बँकेने घेतलेला परकीय चलनाचा चार्ज सहसा मिळत नाही, तो कंपनीने खाल्लेला नसतो.

७. नाही म्हणाले तर

एकदाच, शांतपणे, त्याच मेलवर दोन प्रश्न विचारा: रिन्यूअलची आठवण कोणत्या तारखेला आणि कोणत्या आयडीवर पाठवली होती, आणि अटींमधल्या कोणत्या कलमाप्रमाणे नकार आहे. आठवण पाठवलीच नसेल किंवा वाढलेली किंमत त्यात नसेल तर बऱ्याच वेळा वरच्या माणसाकडे विषय जातो आणि निकाल बदलतो. पूर्ण नाहीच म्हणाले तर वापरलेले दिवस कापून बाकीचे मागा, किंवा मासिक प्लॅनवर बदलून फरक मागा.

त्यानंतर तक्रार अधिकारी. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे कंपनीने साइटवर त्याचं नाव आणि संपर्क द्यायचा असतो, त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा. तिथेही काही नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बंद करायचं बटण मुद्दाम सापडू नये असं दडवलेलं असेल तर तसं लिहा, कारण केंद्राच्या नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या यादीत सबस्क्रिप्शनचा सापळा हा प्रकार नावानिशी आहे, आणि मग नुसतं "मी विसरले" एवढंच राहत नाही.

बँकेकडे डिस्प्यूट टाकायचा विचार सगळ्यात शेवटी. पैसे कापायच्या आधीच तुम्ही प्लॅन बंद केला होता आणि तरी कापले, ह्याचा पुरावा असेल तर ती केस मजबूत. आधी बंद केलंच नव्हतं तर कंपनी मँडेट दाखवते, तुम्ही हरता, आणि वर तुमचं खातं कायमचं बंद करू शकतात, त्यातल्या फाइल्ससकट. मुदत पण असते, साधारण १२० दिवसांच्या आसपास, नक्की तुमच्या बँकेला विचारा.

इथे थांबा आणि माणूस गाठा

तक्रार अधिकारी झाला, १९१५ झालं आणि रक्कम सोडण्यासारखी नाही, तर पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता तिथे केस टाकता येते, कंपनी बंगळुरूची असली तरी, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत. पण मसुदा एकदा वकिलाला दाखवा, कारण एक मेख आहे: धंद्यासाठी घेतलेल्या गोष्टीला ग्राहक कायदा सरळ लागत नाही, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतली असेल तरच लागतो. बहिणीचा एकटीचा क्लास त्यात बसला असता असं मला वाटतं, पण वागळे इस्टेटमधल्या २५ माणसांच्या ऑफिसने घेतलेला प्लॅन बसेल का, हे मी सांगू शकत नाही, तिथे मी हात लावत नाही.

तसंच, कंपनीने सही-शिक्क्याचा करार करून एकदम दहा-वीस लायसन्स घेतली असतील तर हा वरचा मेल पाठवूच नका, आधी करारातलं नोटिशीचं कलम बघू द्या वकिलाला. आणि इनव्हॉइसवर तुमचा जीएसटी नंबर असेल, तुम्ही त्याचं क्रेडिट घेऊन बसला असाल, तर रिफंड यायच्या आधीच सीएला फोन करा, क्रेडिट नोट आली की ते उलटवावं लागतं आणि कोणत्या महिन्यात दाखवायचं ते तोच सांगेल.